तीन प्रकारचे गोठे, एकशेवीस भेटी: नमुना सारखा वाटायचा की संख्येच्या प्रमाणात?

पहिली चूक माझीच सांगतो. खटाव-माण भागातल्या दूध उत्पादकांची पाहणी होती. एका गोठ्यात दिवसाला सरासरी किती दूध निघतं, हा प्रश्न. लहान, मध्यम आणि मोठे असे गोठ्यांचे तीन गट केले, प्रत्येक गटातून सारखे गोठे निवडले, सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये एकाखाली एक टाकल्या आणि सरळ सरासरी काढली. उत्तर आलं जवळजवळ साठ लिटर. समोर बसलेल्या संस्थेच्या सचिवांनी कागद बघितला आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, साठ लिटर असतं तर आम्हाला अजून दोन टँकर लावावे लागले असते." खरं उत्तर वीसच्या आसपास होतं.

माझं सारखं वाटप चुकलं नव्हतं. चुकला होता तो नंतरचा हिशेब. पण त्या दिवसापासून मी दर पाहणीच्या आधी कागदावर एक छोटा हिशेब करतो: हा नमुना गटांत सारखा वाटू, की गटाच्या संख्येच्या प्रमाणात? उत्तर दर वेळी एकच येत नाही. एकाच गावात, त्याच गोठ्यांवर, दोन वेगळ्या प्रश्नांना दोन वेगळी वाटपं चांगली ठरतात. ते कसं, हे एका उदाहरणातून शेवटपर्यंत नेतो. उदाहरणातले आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी मांडलेले आहेत. कुठल्या तालुक्याची आकडेवारी म्हणून ते कुणी वापरू नयेत.

आधी यादी, मग गट

समजा आपल्या यादीत २,४०० उत्पादक आहेत. एक-दोन जनावरांचे लहान गोठे १,६८०, म्हणजे ७० टक्के. तीन ते आठ जनावरांचे मध्यम गोठे ६००, म्हणजे २५ टक्के. नऊ आणि त्याहून जास्त जनावरांचे, बहुतेक मुक्त गोठे, फक्त १२०, म्हणजे ५ टक्के. या गटांना नमुनाशास्त्रात स्तर म्हणतात. आपल्याकडे माणसं आणि गाडीचं पेट्रोल मिळून एकशेवीस भेटींचीच सोय आहे.

संस्थेत किती दूध आलं हे रजिस्टरला असतंच, त्यासाठी कुणाच्या दारात जायची गरज नाही. आपल्याला हवं आहे गोठ्यात निघालेलं दूध: घरी ठेवलेलं, रतीबाचं, दुसऱ्या संकलनाला घातलेलं, सगळं धरून. म्हणून पहाटे धारेच्या वेळी हजर राहायचं, बादली लटकत्या काट्याला अडकवायची, बादलीचं वजन वजा करायचं आणि किलोला १.०३ ने भागून लिटर काढायचे. संध्याकाळची धारही तशीच. एका गोठ्याला एक दिवस जातो, म्हणून एकशेवीस हा आकडा ताणता येत नाही.

त्याच भेटीत दुसरा प्रश्नही विचारायचा आहे: गेल्या उन्हाळ्यात ओला चारा विकत घ्यावा लागला का? उत्तर हो किंवा नाही.

दोन वाटपं आणि दोघांची वजनं

प्रमाणशीर वाटपात प्रत्येक स्तराला त्याच्या वाट्याइतके नमुने मिळतात. म्हणजे लहान ८४, मध्यम ३०, मोठे ६. इथे नमुन्यातला प्रत्येक गोठा यादीतल्या वीस गोठ्यांच्या वतीने बोलतो, मग तो कुठल्याही स्तरातला असो. म्हणून प्रमाणशीर नमुन्यात सरळ सरासरी घेतली तरी ती बरोबर येते. हे वाटप लोकांना आवडतं त्यामागे हे एक मोठं कारण आहे, आणि ते कमी समजू नये.

समान वाटपात प्रत्येकी ४०. आता लहान स्तरातला एक गोठा बेचाळीस गोठ्यांच्या वतीने बोलतो, मध्यम पंधरांच्या आणि मोठा फक्त तिघांच्या. हे आकडे, ४२, १५ आणि ३, म्हणजे त्या त्या नोंदीचं वजन. सरासरी काढताना ते लावलंच पाहिजे. मी तेच विसरलो होतो. तीन स्तरांच्या सरासऱ्या समजा ७, ३२ आणि १४० लिटर असतील, तर सरळ सरासरी ५९.७ येते आणि वाट्यानुसार काढलेली ०.७ × ७ + ०.२५ × ३२ + ०.०५ × १४०, म्हणजे १९.९. तिपटीचा फरक. एकशेवीसच्या जागी तीनशे गोठे बघितले असते तरी तो फरक तसाच राहिला असता.

इथून पुढे वजन नीट लावलं आहे असं धरून चालू. मग दोन्ही वाटपांचं उत्तर सरासरीत बरोबरच येतं. उरतो तो अचूकतेचा प्रश्न: नमुना पुन्हा काढला तर उत्तर किती इकडेतिकडे हलेल?

हलण्याचा हिशेब

सूत्र एकच आहे आणि ते एकदा डोळे उघडे ठेवून वाचलं की बाकी सगळं त्यातच आहे:

```
V = Σ (W_h² × S_h² / n_h)
SE = √V
```

`W_h` म्हणजे त्या स्तराचा वाटा, `n_h` म्हणजे तिथून घेतलेले नमुने आणि `S_h` म्हणजे स्तराच्या आत गोठ्यागोठ्यात किती फरक आहे त्याचं माप, म्हणजेच स्टँडर्ड डेव्हिएशन. पुढे त्याला नुसतं विचलन म्हणतो. `SE` ही उत्तराची स्टँडर्ड एरर, म्हणजे उत्तर साधारण किती हलेल त्याचं माप. नमुना यादीच्या मानाने लहान आहे असं धरून सूत्र लिहिलं आहे. मोठ्या स्तरात ते पुरेसं खरं नाही, त्याकडे परत येतो.

बघा, सूत्रात स्तराची सरासरी कुठेही नाही. मोठ्या गोठ्यात दूध जास्त निघतं, म्हणून तिथून जास्त नमुने घ्या, असं कुणी म्हणालं तर ते कारण अपुरं आहे. मोठे गोठे आपापसांत वेगळे आहेत का, हे बघायचं. ते सहसा असतातच, कारण एकाकडे दहा गाई असतात आणि दुसऱ्याकडे चाळीस. पण कारण तो फरक, दुधाचा आकडा नव्हे.

दुधाच्या प्रश्नासाठी विचलन धरू: लहान गोठ्यांत ३ लिटर, मध्यम गोठ्यांत १०, मोठ्यांत ६०. आता वाटा गुणिले विचलन काढा. लहान ०.७ × ३ = २.१, मध्यम ०.२५ × १० = २.५, मोठे ०.०५ × ६० = ३.०. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत. हा गुणाकार म्हणजे एकूण अनिश्चिततेत त्या स्तराचा हात किती आहे त्याचं माप. तो सारखा असेल तर नमुनेही सारखेच वाटावेत, हे इथेच दिसू लागतं.

प्रमाणशीर वाटपात या तिघांचे वर्ग ८४, ३० आणि ६ ने भागले की मिळतात ०.०५, ०.२१ आणि १.५०. बेरीज १.७६, स्टँडर्ड एरर १.३३ लिटर. बेरजेतला ८५ टक्के भाग त्या सहा मोठ्या गोठ्यांमुळे आला आहे. लहान स्तरात ८४ पहाटे उठून गेलो, तिथलं माप आधीच पुरेसं पक्कं होतं. आणि जिथे उत्तर डगमगतं तिथे फक्त सहा वेळा गेलो.

समान वाटपात तेच वर्ग ४० ने भागायचे: ०.११, ०.१६, ०.२३. बेरीज ०.४९, स्टँडर्ड एरर ०.७० लिटर. तितक्याच भेटींत एरर जवळजवळ निम्मी. प्रमाणशीर वाटपाने ही अचूकता गाठायची तर साधारण ४३० भेटी लागतील. एकूण दुधाच्या भाषेत बोलायचं, तर दोन स्टँडर्ड एररची पट्टी प्रमाणशीर वाटपात सुमारे ६,४०० लिटर इकडेतिकडे आणि समान वाटपात सुमारे ३,४००.

हेच एका गोठ्यावरून बघा. समजा मोठ्या स्तराच्या नमुन्यात योगायोगाने रोज ३०० लिटरचा गोठा आला. सरासरीपेक्षा तो १६० ने जास्त. सहांच्या नमुन्यात त्या एकट्याने एकूण सरासरी १.३३ लिटरने वर जाते. चाळिसांच्या नमुन्यात तोच गोठा तिला ०.२० लिटरनेच हलवतो. सहांच्या नमुन्याचा आणखी एक तोटा कागदावर दिसत नाही: सहा आकड्यांवरून काढलेलं विचलनच इतकं बेभरवशाचं असतं, की छापलेली स्टँडर्ड एररसुद्धा नशिबाची गोष्ट होते. सहाही गोठे सारखेच निघाले तर एरर छान लहान दिसते आणि आपण निर्धास्त होतो.

एक्सेलमध्ये स्तराचा वाटा B मध्ये, विचलन C मध्ये आणि नमुने D मध्ये टाकून हे एका ओळीत होतं. D बदलत जा आणि उत्तर बघत राहा:

```
=SQRT(SUMPRODUCT(B2:B4^2*C2:C4^2/D2:D4))
```

राहिलेली दुरुस्ती आता करतो. मोठ्या स्तरात १२० पैकी ४० घेतले म्हणजे एक तृतीयांश यादी प्रत्यक्ष बघून झाली. अनिश्चितता फक्त उरलेल्या ८० मुळे आहे. म्हणून प्रत्येक स्तराच्या आकड्याला `1 − n_h/N_h` ने गुणायचं, जिथे `N_h` म्हणजे त्या स्तराची यादीतली संख्या. समान वाटपाची एरर ०.७० वरून ०.६४ वर येते, प्रमाणशीरची १.३३ वरून १.२९ वर. म्हणजे दुरुस्तीनेही समान वाटपालाच हात दिला. मोठा स्तर तीस-चाळीस गोठ्यांचाच असेल तर मी तो सरळ सगळाच घेतो. मग त्या स्तराची अनिश्चितता शून्य.

आता चाऱ्याचा प्रश्न, तेच गोठे

हो-नाही प्रश्नात विचलन आपल्याला निवडता येत नाही. हो म्हणणाऱ्यांचा वाटा p असेल तर विचलन `√(p(1−p))`. ते जास्तीत जास्त ०.५ असतं आणि p ३० टक्के असो की ७० टक्के, ०.४६ च्या खाली जात नाही. चारा विकत घेणारे लहान गोठ्यांत ६० टक्के, मध्यममध्ये ५० आणि मोठ्यांत ४० टक्के धरू. मोठ्यांकडे मुरघासाच्या बॅगा भरलेल्या असतात, म्हणून त्यांना उन्हाळा कमी झोंबतो. तिन्ही स्तरांत विचलन ०.४९ किंवा ०.५०. म्हणजे स्तरास्तरात फरक नाहीच.

मग अनिश्चिततेत ज्याचा त्याचा हात फक्त वाट्याइतका: लहान स्तराचा सगळ्यात मोठा, मोठ्या गोठ्यांचा नगण्य. प्रमाणशीर वाटपात स्टँडर्ड एरर ४.५ टक्के येते, समान वाटपात ५.८ टक्के. इथे समान वाटपाच्या १२० भेटींची किंमत प्रमाणशीर वाटपाच्या ७२-७३ भेटींएवढीच. बाकीच्या पंचेचाळीसेक पहाटा फुकट गेल्या, कारण मोठ्या स्तरात चाळीस वेळा जाऊन आपण अशा गटाचं मत पक्कं केलं, ज्याचा एकूण उत्तरात वाटा पाच टक्के आहे.

विचलन सगळीकडे सारखं असताना समान वाटपाचा हा तोटा विचलन न मोजताच काढता येतो: स्तरांची संख्या गुणिले वाट्यांच्या वर्गांची बेरीज. आपल्याकडे ३ × (०.४९ + ०.०६२५ + ०.००२५) = १.६७. म्हणजे साधारण इतक्या पट जास्त भेटी. स्तर सारख्याच आकाराचे असतील तर हा आकडा बरोबर एक येतो आणि दोन्ही वाटपं एकच होतात; तिथे वाद घालत बसू नये.

दोन स्तर असतील तर तोंडी हिशेब

स्तर दोनच असतील तर वरच्या सूत्रातून एक नेटका नियम निघतो. मोठा वाटा लहान वाट्याने भागा आणि त्याचं वर्गमूळ घ्या. संख्येने लहान असलेल्या स्तराचं विचलन दुसऱ्याच्या त्याहून जास्त पट असेल तरच समान वाटप जिंकतं. वाटे ८० आणि २० असतील तर दुपटीहून जास्त हवं. ९० आणि १० असतील तर तिपटीहून जास्त. लिटर, रुपये, एकर, म्हणजे ज्यात काहींकडे फारच मोठे आकडे असतात, तिथे ही तिप्पट सहज ओलांडली जाते. हो-नाही प्रश्नांत ती ओलांडली जाणं अवघड.

अवघड, पण अशक्य नाही. धार काढायचं मशीन घ्या. ९० टक्के लोकांच्या स्तरात ते तीन टक्क्यांकडे आणि १० टक्क्यांच्या स्तरात निम्म्यांकडे असेल, तर विचलन ०.१७ आणि ०.५०, जवळजवळ तिप्पट. तिथे दोन्ही वाटपं बरोबरीत येतात. पहिल्या स्तरात ते एक टक्क्याकडे असेल तर समान वाटप पुढे जातं. थोडक्यात, एका गटात दुर्मीळ आणि दुसऱ्यात सर्रास अशी गोष्ट मोजताना हो-नाही प्रश्नालाही हा हिशेब करून बघावा.

तुलनाच करायची असेल तर

कधी एकूण टक्केवारी कुणाला नकोच असते. विचारणाऱ्याला जाणून घ्यायचं असतं, की लहान गोठ्यांना चाऱ्याची झळ मोठ्यांपेक्षा जास्त बसते का. इथे स्तराच्या वाट्याचा काही संबंध उरत नाही. दोन सरासऱ्यांमधल्या फरकाची एरर दोन्हीकडच्या नमुन्यांवर अवलंबून राहते आणि लहान नमुना तिला वाढवून ठेवतो. प्रमाणशीर वाटपात ८४ विरुद्ध ६, फरकाची स्टँडर्ड एरर २१ टक्के. आपण धरलेला फरकच २० टक्क्यांचा आहे, म्हणजे तो असून दिसणार नाही. समान वाटपात ४० विरुद्ध ४०, एरर ११ टक्के. तोही फार ऐसपैस पुरावा नाही, पण काहीतरी बोलता येतं.

त्यामुळे काम घेताना मी पहिल्यांदा हेच विचारतो की अहवालातलं मुख्य कोष्टक कसं असणार आहे: एक एकूण आकडा, की गटागटाची ओळ? बऱ्याचदा विचारणाऱ्यानेही ते ठरवलेलं नसतं. मग "दोन्ही" असं उत्तर येतं. त्याची सोय पुढे आहे.

विचलन आधी कुठून आणायचं?

पाहणी व्हायच्या आधीच विचलन माहीत असावं लागतं, ही या सगळ्यातली खरी अडचण. आणि ती सोडवणाऱ्यांत एक माणूस याच मातीतला आहे. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, गाव बुध, तालुका खटाव. जर्झी नेमन यांनी १९३४ साली नमुना वाटा गुणिले विचलन या प्रमाणात वाटावा हे मांडलं (रशियन संख्याशास्त्रज्ञ चुप्रॉव्ह यांनी १९२३ मध्येच तो निष्कर्ष काढला होता, पण तो तेव्हा फारसा पोचला नाही). सुखात्मे तेव्हा लंडनला शिकत होते. विचलन खरं माहीत नसेल आणि एका छोट्या प्राथमिक नमुन्यावरून अंदाजाने घेतलं तर या वाटपाचा फायदा टिकतो का, हा प्रश्न त्यांनी १९३५ च्या लेखात तपासला. उत्तर असं, की प्राथमिक नमुना बऱ्यापैकी लहान असला तरी प्रमाणशीर वाटपापेक्षा सहसा फायदाच होतो. पुढे पीक कापणी प्रयोगांच्या पाहण्यांत त्यांनी जे काम केलं त्यामागे हीच शेतावर उभं राहून हिशेब करायची वृत्ती होती, असं मला वाटतं.

त्यांचं म्हणणं आपल्या आकड्यांवर तपासू. समजा प्रत्येक स्तरातून दहा गोठे आधी बघितले आणि मोठ्या गोठ्यांचं विचलन ६० च्या जागी २५ च आलं. निम्म्याहूनही कमी, चांगलीच चूक. त्या चुकीच्या आकड्यावर वाटप केलं तर येतात लहान ४३, मध्यम ५१, मोठे २६. खरी स्टँडर्ड एरर मग ०.७६ लिटर होते. बरोबर विचलन माहीत असतं तर ०.६९ झाली असती. प्रमाणशीर वाटपात १.३३ होती. एवढी चूक करूनही आपण फारसं गमावलं नाही, कारण मोठ्या स्तराला सहाच्या जागी निदान सव्वीस तरी मिळाले.

दुधाच्या बाबतीत मी प्राथमिक फेरीही क्वचितच करतो. दहा दिवसांच्या दूध बिलाची यादी सचिवांकडे असते. त्यातून स्तरावार लिटरचं विचलन काढायचं. गोठ्यातल्या दुधाचं विचलन अगदी तेवढंच नसतं, पण तीन स्तरांमधलं प्रमाण साधारण तेच असतं, आणि वाटपाला प्रमाणच पुरतं. एकच लक्षात ठेवा: वाटप ठरवायला वापरलेलं विचलन अहवालातली एरर काढायला वापरायचं नाही. ती एरर प्रत्यक्ष नमुन्याच्या आकड्यांतून स्तरावार पुन्हा काढायची.

दोन्ही प्रश्न एकाच फेरीत

दूध म्हणतं समान, चारा म्हणतो प्रमाणशीर. भेट एकच आहे. अशा वेळी मी वाट्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाटतो. ०.७०, ०.२५ आणि ०.०५ यांची वर्गमुळं ०.८४, ०.५० आणि ०.२२, बेरीज १.५६. एकशेवीस त्या प्रमाणात वाटले की लहान ६४, मध्यम ३९, मोठे १७. तिन्ही वाटपं शेजारी ठेवू:

| वाटप | लहान / मध्यम / मोठे | दूध, लिटरमध्ये एरर | चारा, टक्क्यांत एरर |
|---|---|---|---|
| प्रमाणशीर | ८४ / ३० / ६ | १.३३ | ४.५ |
| वर्गमुळी | ६४ / ३९ / १७ | ०.८७ | ४.८ |
| समान | ४० / ४० / ४० | ०.७० | ५.८ |

चाऱ्याच्या उत्तरात तीन दशांश टक्के सोडले आणि दुधाची एरर एक तृतीयांशाने कमी झाली. मला हा सौदा बहुतेक वेळा पटतो. फक्त गटांची तुलना मुख्य असेल तर सतरा गोठे कमीच पडतात. तिथे मी समान वाटपाकडे जातो आणि एकूण टक्केवारीची एरर थोडी वाढली असं अहवालात स्पष्ट लिहितो.

समान वाटपातला खड्डा

आता समान वाटपाचा तो धोका, जो सूत्रात दिसत नाही आणि शेतावर हमखास भेटतो. यादीत एक-दोन जनावरांचा म्हणून नोंदलेला एक उत्पादक. दारात गेलो तर आत बारा गाई. कारण साधं: निम्मं दूध भावाच्या नावावर, थोडं बायकोच्या नावावर, आणि जनावरांची नोंद चार वर्षांपूर्वीची. गोठ्यात निघतं ९० लिटर. तो लहान स्तरातून निवडला गेला, म्हणजे समान वाटपात त्याचं वजन ४२. स्तराच्या सरासरीहून जास्तीचे ८३ लिटर गुणिले ४२, म्हणजे एकूण दुधाच्या अंदाजात जवळजवळ ३,५०० लिटरची उडी, एका दारामुळे. प्रमाणशीर वाटपात तीच उडी १,६६० लिटरची असती, कारण वजन वीसच होतं. ज्या स्तराला आपण नमुने कमी दिले तिथे चुकीच्या जागी बसलेला माणूस जास्त जोरात आदळतो.

हे घडलं की पहिली उबळ येते ती त्याला उचलून मोठ्या स्तरात टाकायची आणि वजन ३ लावायची. ते करायचं नाही. तो ज्या यादीतून निघाला त्या यादीचंच वजन त्याला राहतं, कारण त्याच्यासारखे आणखी काहीजण त्या १,६८० मध्ये न सापडलेले बसले आहेत आणि त्यांच्या वतीने हाच बोलतो आहे. "मोठे गोठे" असं वेगळं कोष्टक देताना मात्र त्याला प्रत्यक्ष जनावरांनुसार मोठ्यांत मोजायचं, पण वजन ४२ ठेवूनच.

खरा इलाज नमुना काढायच्या आधीच असतो. जनावरांच्या जुन्या नोंदीवर स्तर पाडण्याऐवजी ताज्या दहा दिवसांच्या बिलावर पाडा, आणि एकाच पत्त्यावरची दोन-तीन खाती एकत्र करून घ्या. अशी खाती कुठे आहेत ते कागदावर सापडत नाही. गावातल्या संकलन केंद्रावर सकाळी दूध मोजून घेणाऱ्या माणसाला विचारलं की तो बोटांवर मोजून सांगतो. यादी साफ करायला वेळ नसेल आणि नोंदी जुन्या असतील, तर कागदावर समान वाटप सरस दिसलं तरी मी वर्गमुळी वाटपावर थांबतो. तिथे लहान स्तराचं वजन २६ च्या आसपास राहतं.

नमुन्यात असा कुणी आहे का हे ओळखायची सोपी खूण: प्रत्येक नोंदीचं वजन गुणिले लिटर असा एक रकाना करा आणि उतरत्या क्रमाने लावा. पहिल्या पाच ओळींत लहान स्तराचा गोठा दिसला तर त्या गोठ्याला फोन करा, आकडा पुन्हा विचारा. आकडा खरा निघाला तर तो तसाच ठेवायचा. टंकताना ९ चे ९० झाले असतील तर दुरुस्त करायचा. आणि नमुन्याच्या शीटमध्ये पहिल्याच दिवशी स्तराच्या शेजारी वजनाचा रकाना भरून टाका, भेटी सुरू व्हायच्या आधी, म्हणजे महिनाभराने दुसऱ्याच कुणी ती फाइल उघडून सरळ सरासरी काढायला घेतली तर त्याला आधी तो रकाना दिसेल.